आधी शुल्क, मग काम?

डिलाईल रोडवरच्या रंगकाम-प्लंबिंगच्या छोट्या कंत्राटदाराला ‘सरकारी कामासाठी तुमची निवड झाली, आधी नोंदणी शुल्क भरा’ असा ईमेल आला, तर तो फसवाच समजावा. १ जुलै २०२० पासूनची उद्यम नोंदणी मोफत आहे. ‘जेम’वर विक्रेता म्हणून नाव नोंदवायलाही शुल्क नाही. खऱ्या निविदेतही पैसे भरावे लागतातच, हा आक्षेप रास्त आहे. पण तिथे निविदा आधी जाहीर होते, तिला क्रमांक असतो, निविदा शुल्क व अनामत mahatenders.gov.in सारख्या सरकारी संकेतस्थळामार्फत भरली जाते आणि काम न मिळाल्यास अनामत परत येते. खासगी खात्यात मागितलेल्या शुल्कामागे यातले काहीच नसते. म्हणून आधी ईमेलमधला निविदा क्रमांक सरकारी संकेतस्थळावर शोधावा. पैसे गेलेच असतील, तर तातडीने १९३० वर तक्रार नोंदवावी.