तिकीट एजंटाचं, मोबाईल नंबर आपला



गेल्या जानेवारीत मोहगावची आत्या आणि मामाजी नागपूरहून पुण्याला निघाले होते. दुसऱ्या दिवशी नातीचं बारसं होतं. विमान साडेअकराचं. सकाळी सात वाजता आत्याच्या मोबाईलवर मेसेज आला, 'उड्डाण रद्द.' पर्यायी विमान थेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं! शेवटी दोघं रात्रभर ट्रॅव्हल्सच्या बसने गेले आणि पोहोचले तेव्हा पाळणा म्हणून झाला होता. तिकिटाचे पैसे आठवड्याभरात परत आले, तेव्हा मामाजी म्हणाले, "चला, विषय संपला." मी म्हटलं, "मामाजी, विषय आत्ता सुरू होतो."

विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम असा आहे. उड्डाण रद्द होणार असेल तर कंपनीने दोन आठवडे आधी कळवावं. ते जमलं नाही तर किमान 24 तास आधी कळवून मूळ वेळेपासून दोन तासांच्या आत निघणारं दुसरं विमान द्यावं किंवा पैसे परत करावेत. याहून उशिरा कळवलं, तर परताव्याशिवाय भरपाईही द्यावी लागते. प्रवास एक तासापर्यंतचा असेल तर 5,000, दोन तासांपर्यंत 7,500 आणि त्याहून जास्त असेल तर 10,000 रुपये.

मात्र हा आकडा कमाल आहे. मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांची एका बाजूची बेरीज त्यापेक्षा कमी असेल, तर तेवढीच रक्कम मिळते. आत्याचं तिकीट 5,400 चं होतं, पण विमानतळ शुल्क आणि कर वगळून उरले 4,300. म्हणून दोघांचे 8,600 रुपये मागितले, 15,000 नाही. फुगवलेला आकडा लिहिला की कंपनी त्यावरच बोट ठेवते.

कंपनीचं उत्तर आलं, "खराब हवामान." हवामान, संप, सुरक्षा अशा हाताबाहेरच्या कारणांना भरपाई लागू नाही. 2007 च्या डिसेंबरात दिल्लीच्या धुक्यात अडकलेल्या हैदराबादच्या एका प्रवाशाला मिळालेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये याच कारणाने रद्द केली होती. पण हे कारण खरं आहे का, हे तपासता येतं. प्रत्येक विमानतळाचे हवामान संदेश साठवलेले असतात. नागपूरचा संकेत `VANP`, पुण्याचा `VAPO`. वाऱ्याच्या आकड्यानंतर येणारे चार अंक म्हणजे मीटरमधली दृश्यमानता. त्या सकाळी नागपूरला `5000` होते आणि पुण्यालाही हवा मोकळी होती. आमचं विमान पुण्याहूनच येणार होतं, म्हणून दोन्हीकडचं पाहिलं. त्याच तासात नागपूरहून इतर विमानं उडालीही होती. ती सगळी पानं छापून घेतली.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला, मग नोटीस पाठवली. उत्तर तेच. तेव्हा `e-jagriti.gov.in` वर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. 2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, त्यामुळे कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. 8,600 शिवाय मनस्तापाचे 20,000 आणि खर्चाचे 5,000 मागितले. रेल्वे उशिराच्या एका प्रकरणात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंच आहे की, उशिराचं कारण हाताबाहेरचं होतं हे सेवा देणाऱ्यानेच सिद्ध करायचं. तेही जोडलं. आयोगाची नोटीस गेल्यावर कंपनीच्या वकिलाचा फोन आला आणि 8,600 अधिक 5,000 वर तडजोड झाली.

हे जमलं ते एका साध्या गोष्टीमुळे. आपल्याकडे पुष्कळ जण सौंसरच्या किंवा पांढुर्ण्याच्या एजंटाकडून तिकीट काढतात आणि तो घाईत स्वतःचाच नंबर टाकतो. संपर्काचा पुरेसा तपशील प्रवाशाने दिला नसेल, तर भरपाई देण्याचं बंधन कंपनीवर नाही. आत्याने स्वतःचा नंबर टाकायला लावला होता, म्हणून मेसेजची वेळच आमचा पुरावा ठरली.

आणि उड्डाण रद्द न होता नुसतं लांबलं तर? देशांतर्गत उशिराला या नियमात रोख भरपाई नाही. नागपूर-पुण्यासारख्या प्रवासात दोन तासांच्या उशिरानंतर खाणंपिणं आणि सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, असा हक्क आहे. त्यापुढचं मागायचं तर आयोगापुढे सेवेतली त्रुटी दाखवावी लागते. म्हणून फलकाचा वेळेसकट फोटो काढा आणि उशिराचं कारण काउंटरवर लेखी मागा.

आत्याने त्या पैशांतून नातीला चांदीचे वाळे केले. बारसं मात्र तिने व्हिडिओतच पाहिलं.