डिस्चार्ज कार्ड म्हणजे तुमची फाईल नव्हे!

गंगापूर रोडवरच्या माझ्या दवाखान्यात एक काकू आल्या. काकांना पक्षाघात झाला होता, उपचार नीट झाले, पण विमा कंपनीने क्लेम नाकारला. कारण असे : "रुग्णाला १० वर्षांपासून रक्तदाब, पॉलिसी ४ वर्षांपूर्वीची, म्हणजे आजार लपवला." डिस्चार्ज कार्डावर तसे छापलेलेही होते. काकू मात्र ठामपणे सांगत होत्या की बीपीची गोळी सुरू होऊन वर्षही झालेले नाही.

मी त्यांना इनडोअर केसपेपर आणायला सांगितले. हॉस्पिटलच्या ऑफिसमधून उत्तर आले, "तो गोपनीय असतो. फक्त विमा कंपनीला किंवा कोर्टाला देतो."

हे साफ चुकीचे आहे. गोपनीयता रुग्णाच्या रक्षणासाठी असते, रुग्णापासून माहिती लपवण्यासाठी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा प्रकरणात हेच सांगितले. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार तर रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. झेरॉक्सचा खर्च मात्र तुमचा, आणि मूळ कागद हॉस्पिटलकडेच राहतात.

तोंडी मागू नका. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज करा. त्यात रुग्णाचे नाव, आयपीडी नंबर आणि दाखल-डिस्चार्जच्या तारखा लिहा. नुसते "सर्व कागद" न लिहिता नावे घाला : भरती होतानाची हिस्टरी, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट, सर्व रिपोर्ट, विमा कंपनीला पाठवलेला पत्रव्यवहार. अर्जावर रुग्णाची सही घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ७२ तास त्या तारखेपासून मोजता येतात.

काकूंनी तसा अर्ज दिला आणि प्रती मिळाल्या. पहिल्याच पानावर लिहिले होते, "बीपी १०/१२". आम्ही डॉक्टर महिने असे लिहितो : १०/१२ म्हणजे दहा महिने. कार्ड टाईप करणाऱ्याने ती वर्षे केली! आता त्या पानाची शिक्का मारलेली प्रत आणि डॉक्टरांचे तारखेसह दुरुस्तीपत्र कंपनीकडे गेले आहे. जुन्या कागदावर खाडाखोड करून घेऊ नका, त्याने तुमचीच बाजू संशयास्पद होते.

एक मर्यादाही सांगतो. केसपेपरमध्ये खरोखरच १० वर्षे लिहिलेले असते, तर तो काकूंच्या विरुद्ध गेला असता. पण तेही आधी कळलेले बरे.

आणि दिरंगाई नको. हे रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षेच सांभाळणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तरीही नकारच मिळाला, तर पोच जोडून डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि हॉस्पिटलविरुद्ध महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे तक्रार करा.

माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगतो : नोंदी नीट ठेवल्या असतील, तर त्या द्यायला घाबरता कशाला?