सहलीचं आमंत्रण द्या, हजेरीचा हुकूम नको



पहिला जोराचा पाऊस पडला की छोट्या उद्योगांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. साधारण असा:

"येत्या रविवारी ताम्हिणी घाट! सकाळी 6 ला युनिटवर हजर. सगळ्यांनी यायचंच, कारणं चालणार नाहीत. प्रत्येकी 300 रुपये उद्यापर्यंत जमा करा. येणाऱ्यांनी ग्रुपवर अंगठा टाका."

लिहिणाऱ्या मालकाच्या मनात काही वाईट नसतं. वर्षभर राबणाऱ्या माणसांना एक दिवस मजा करू दे, एवढंच त्याला हवं असतं. पण माझं स्पष्ट मत आहे, हा मेसेज आमंत्रण नाही. पगार देणाऱ्या माणसाकडून आलेली ही हजेरीची नोटीस आहे, फक्त भाषा गमतीची आहे. आणि जो कमी बोलतो किंवा ज्याला वेळ कमी आहे, त्याच्यावर तिचं ओझं सगळ्यात जास्त पडतं.

एक उदाहरण घेऊ. समजा पुण्याजवळ मसाले आणि लोणची पॅक करणारं तुमचं युनिट आहे. माणसं नऊ. पॅकिंगला चार ताई, डिलिव्हरीला दोन मुलं, हिशेब बघणारे एक काका, एक सुपरवायझर आणि फोनवर ऑर्डर घेणारी, तीन महिन्यांपूर्वी लागलेली एक मुलगी. आता तोच मेसेज त्यांच्या बाजूने वाचू.

पॅकिंगच्या एका ताईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. परत किती वाजता यायचं ते मेसेजमध्ये नाही, त्यामुळे शेजारणीला किती वेळ बसायला सांगायचं हेच त्यांना कळत नाही. डिलिव्हरीचा एक मुलगा रविवारी दुसरीकडे कामाला जातो. त्याच्यासाठी खर्च 300 रुपयांचा नाही, 300 अधिक त्या दिवसाची कमाई असा आहे. काकांचा श्रावण कडक असतो आणि तिथे खाण्यापिण्याचं काय असेल याची त्यांना धास्ती आहे. आणि नव्या मुलीला कसलीच अडचण नाही. तिला फक्त आठ माणसांमध्ये दहा तास घालवणं जड जातं. तिला ही माणसं आवडतात, पण अंताक्षरी आणि नाचाच्या आग्रहाच्या विचारानेच पोटात गोळा येतो.

यातलं कुठलं कारण ती माणसं नऊ जणांच्या ग्रुपवर लिहितील? एकही नाही. मग ती काय करतात? अंगठा टाकतात. आणि शनिवारी रात्री "तब्येत जरा बरी नाही" असा मेसेज येतो. तुमच्याकडे दरवेळी आदल्या रात्री दोन-तीन जण आजारी पडत असतील, तर चिडण्याआधी आपलाच मेसेज काढून वाचा. आधी "नाही" म्हणायला जागा नव्हती म्हणून ते शेवटच्या क्षणी निघालं. तसंच दरवेळी दहा मिनिटांत नऊपैकी नऊ होकार येत असतील तर खूश होऊ नका. खऱ्या ऐच्छिक गोष्टीला शंभर टक्के होकार सहसा येत नाही.

मग शब्द कसे ठेवायचे? माझ्या मते तीन गोष्टी बदलल्या की बरंचसं काम होतं.

पहिली गोष्ट म्हणजे गप्प राहण्याचा अर्थ. बहुतेक मेसेजमध्ये गप्प राहणं म्हणजे "उत्तर बाकी आहे" असं धरलं जातं. मग सुपरवायझर आठवण करतो, ग्रुपवर नाव घेऊन विचारतो. त्याऐवजी सरळ लिहा की उत्तर आलं नाही तर येत नाही असं समजू आणि पुन्हा विचारणार नाही. या एका वाक्याने "नाही" म्हणण्याचं कामच संपतं. ज्याला यायचं आहे त्याने फक्त "हो" कळवायचं. कमी बोलणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे, कारण मालकाला नकार टाइप करणं त्याला सहलीपेक्षाही अवघड वाटतं.

दुसरी गोष्ट, उत्तर कुठे द्यायचं. ग्रुपवर अंगठे मागितले की कुणाचा आला नाही हे सगळ्यांना दिसतं. पोल टाकला तरी सहसा तेच होतं, कारण कुणी काय निवडलं ते ग्रुपमधला कुणीही उघडून बघू शकतो. म्हणून होकार पर्सनल मेसेजवर मागवा आणि यादी ग्रुपवर टाकू नका. गाडी ठरवायला तुम्हाला आकडा हवा असतो, तो तुमच्यापाशी असला की पुरे.

तिसरी गोष्ट, माहिती. निघायची वेळ, परत यायची वेळ, खर्च कुणाचा, जेवण कसलं, दारू आहे की नाही, पाण्यात उतरायचं आहे का, नाच-गाणी आहेत का, हे सगळं आधीच लिहा. माहिती अर्धवट असली की माणसाला एकेक गोष्ट विचारत बसावं लागतं, आणि इतकं विचारून झाल्यावर "येत नाही" म्हणणं आणखी कठीण होतं. सगळं समोर असलं की तो घरी बसून, कुणाला न विचारता ठरवू शकतो. गंमत म्हणजे यामुळे येणारेही वाढू शकतात. जेवण शाकाहारी आहे आणि पाच वाजता परत यायचं आहे हे कळलं, तर काका आणि ताई कदाचित आनंदाने येतील.

या तीन गोष्टी घालून तोच मेसेज असा लिहिता येईल:

"नमस्कार. येत्या रविवारी ताम्हिणीला पावसाळी सहल ठरवली आहे. सकाळी 7 ला युनिटवरून निघू, संध्याकाळी 5 पर्यंत परत येऊ. धबधबे बघायचे, जेवायचं, गप्पा मारायच्या. पाण्यात उतरणार नाही. जेवण शाकाहारी, दारू नाही. गाडी आणि जेवणाचा खर्च युनिटचा. ज्यांना यावंसं वाटतंय त्यांनी गुरुवारी संध्याकाळपर्यंत मला पर्सनल मेसेज करा. मेसेज आला नाही तर येत नाही असं धरेन, पुन्हा विचारणार नाही. कारण सांगायची गरज नाही. सहलीत कामाचा विषय निघणार नाही."

बघा, यात "जबरदस्ती नाही, पण सगळे आलात तर मला बरं वाटेल" असं वाक्य मुद्दाम टाकलेलं नाही. त्या "पण"च्या आधी जी मोकळीक दिली, ती "पण"च्या नंतर काढून घेतली जाते. मालकाला बरं वाटणं ही कामगाराच्या दृष्टीने छोटी गोष्ट नसते. तसंच "आपण सगळे एक कुटुंब आहोत" हे वाक्यही आमंत्रणात नको. मग जो येत नाही तो कुटुंबाबाहेरचा ठरतो.

एक अडचण यात खरी आहे. गप्प राहणं म्हणजे नकार धरला, तर ज्याची यायची इच्छा आहे पण जो मेसेज नीट वाचत नाही, तो सुटू शकतो. त्यावर उपाय सोपा आहे. चहाच्या वेळी सगळे असताना तोच मेसेज एकदा मोठ्याने वाचून दाखवा, कुणा एकाकडे न बघता. बाजूला घेऊन "तू येतेयस ना?" असं विचारू नका. या प्रश्नाला "नाही" हे उत्तर देता येत नाही.

आता बरेच जण म्हणतील, "सर, असं लिहिलं तर कुणीच येणार नाही, मग टीम कशी तयार होणार?" यावर माझं म्हणणं असं. नऊपैकी पाच जण आले तर मोठी टेम्पो ट्रॅव्हलर न ठरवता छोट्या गाडीने जा, पाच जणांची सहल छान होते. आणि खरंच कुणी आलं नाही तर तीही माहितीच आहे. लोकांना रविवारी घरी राहायचं आहे, हे तुम्हाला सहलीचा खर्च न करता कळलं. मनाविरुद्ध आणलेला माणूस गाडीच्या मागच्या सीटवर मोबाईल बघत बसतो, त्यातून टीम तयार होत नाही.

आणि सगळे हवेतच असतील तर दुसरा प्रामाणिक मार्ग आहे. कार्यक्रम कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत, पगारी ठेवा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 हा कायदा जिथे लागू होतो, तिथे कामगाराला आठवड्यातून किमान सलग 24 तासांची सुट्टी द्यावी लागते. त्या सुट्टीवर सक्तीची सहल ठेवायची आणि तिला बक्षीस म्हणायचं, हे मला पटत नाही. सक्तीचं असेल तर ते काम आहे, मग ते कामाच्या वेळेत घ्या. सुट्टीच्या दिवशी असेल तर ते खरोखर ऐच्छिक असू दे. मधला मार्ग काढला की रोष साचतो.

याच कारणाने बोनसची घोषणा, "वर्षातला उत्तम कर्मचारी" असलं बक्षीस किंवा नव्या जबाबदाऱ्यांचं वाटप सहलीत करू नका. ते युनिटवर, सगळ्यांसमोर, कामाच्या वेळेत करा. नाहीतर "ऐच्छिक" लिहूनही न येणाऱ्याचं नुकसान होतंच, आणि पुढच्या वेळी तो भीतीने येतो.

शेवटचा मुद्दा मेसेजनंतरचा आहे. शब्द कितीही चांगले लिहिले तरी सोमवारी सकाळी तुम्ही काय बोलता यावरून लोक त्यांची किंमत ठरवतात. "काय गं, आली नाहीस, आमची आठवण नाही आली का?" हे प्रेमाने विचारलं तरी तो जाबच असतो. "तुम्ही मोठी मजा चुकवलीत" असं लिहून कामाच्या ग्रुपवर चाळीस फोटोही टाकू नका. जे आले त्यांचा वेगळा ग्रुप करा आणि फोटो तिथे टाका. न आलेल्यांशी सोमवारी नेहमीसारखं कामाचं बोला. पुढच्या पावसाळ्यात मेसेज टाकाल तेव्हा त्या नव्या मुलीला ठाऊक असेल की गेल्या वेळी न येऊनही काहीच बिघडलं नव्हतं. त्यानंतर ती आली, तर स्वतःच्या मनाने आलेली असेल.