घर कोटींचे, जकात शून्य

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की वांद्रे स्टेशनबाहेरच्या जामा मशिदीच्या परिसरात पावतीपुस्तके घेतलेली माणसे दिसू लागतात. कोणी उत्तर प्रदेशातल्या मदरशाचे असतात, कोणी बिहारच्या. इथून काही अंतरावर, माउंट मेरीच्या टेकडीवर, मेणबत्त्या आणि दानपेटी वर्षभर असतात आणि सप्टेंबरच्या जत्रेत तिथे हिंदू-मुसलमानही रांगेत उभे राहतात. देणारे शेजारी आहेत, पण किती द्यायचे आणि कशावर द्यायचे, याचे त्यांचे हिशेब मात्र वेगळे आहेत.

जकात उत्पन्नावर नसून शिलकीवर असते. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीइतकी मालमत्ता गरजा आणि देणी भागवून उरली आणि तिला चांद्रवर्ष लोटले, तर तिचा चाळिसावा भाग द्यायचा. बायबलमधला दशमांश मात्र पिकावर, म्हणजे उत्पन्नावर होता : दहातला एक. हिंदू परंपरेतल्या दानाला असा ठरलेला दर नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात योग्य स्थळ, योग्य वेळ आणि योग्य पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दान सात्त्विक मानले आहे. आकडा देणाऱ्यावर सोडला आहे.

हा फरक वांद्र्याच्या एखाद्या गल्लीत ठेवून पाहावा. समजा, एका तरुणाला महिन्याला साठ हजार पगार आहे, पण भाडे, प्रवास आणि गावी पाठवायचे पैसे गेल्यावर हातात काहीच उरत नाही. जकातीच्या हिशेबात त्याच्यावर शून्य. दशमांशाच्या हिशेबात सहा हजार. शेजारच्या दुकानदाराकडे वीस लाखांचा विक्रीचा माल आहे आणि त्याला पाच लाख तातडीने चुकते करायचे आहेत. त्याची जकात उरलेल्या पंधरा लाखांवर, म्हणजे साडेसदतीस हजार. दुकानातली कपाटे आणि वजनकाटा त्यात धरत नाहीत, कारण ते विकायला ठेवलेले नसतात.

त्याच इमारतीत एक वृद्ध विधवा राहते. फ्लॅट जुना, पण आजच्या भावाने काही कोटींचा. उत्पन्न तुटपुंजे, अंगावर दहा तोळ्यांचे दागिने. राहत्या घरावर जकात नाही, मग त्याचा भाव कितीही चढो. दागिन्यांबाबत मात्र मतभेद आहे. उत्तरेकडून आलेली बहुतेक मुस्लिम कुटुंबे हनफी. त्यांच्या हिशेबाने पाव तोळा सोने किंवा त्याची किंमत द्यावी लागेल. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. तिथे रूढीला धरून वापरात असलेल्या दागिन्यांना सूट मिळते. एकाच जिन्यावरच्या दोन बायकांचे उत्तर असे वेगळे येते आणि आपापल्या परंपरेत दोन्ही बरोबर असते.

याच्या उलट बाजूकडे सहसा लक्ष जात नाही. या बाईकडे दागिने नसते आणि दुसरी शिल्लकही नसती, तर कोटींचे घर असूनही हनफी फिकहप्रमाणे ती जकात घेण्यास पात्र ठरली असती. राहते घर विकून खा, असे शरियत तिला सांगत नाही. मात्र याच नियमामुळे वांद्र्यातली सर्वांत मोठी संपत्ती, म्हणजे राहती जागा, हिशेबाबाहेर राहते. जागा नसल्याने सोने जपून ठेवणारा भाडेकरू देतो आणि पैसा घरात गुंतवलेला मालक सुटतो.

दुसरा प्रश्न पैसा कुठे जातो हा. कुराणाने जकातीचे आठ हकदार ठरवले आहेत. हनफी मतानुसार ती गरजूच्या मालकीची व्हावी लागते. मशिदीच्या भिंतीला ती चालत नाही. म्हणून पावती घेताना रक्कम जकातीची आहे की इमदादीची, हे लिहून घ्यावे. ‘सगळे एकच’ म्हणणाऱ्याकडे हिशेब वेगळा ठेवला जात नाही, असे समजावे. दशमांश युरोपात चर्च या संस्थेकडे जात राहिला आणि त्याचा कर झाला. इंग्लंडने १८३६ साली तो रोख रकमेत बदलला आणि १९३६ साली मोडीत काढला. आज कॅथलिक चर्च श्रद्धावंतांना हातभार लावायला सांगते, दहाचा आकडा लादत नाही. दानाचा ओघ प्रसिद्ध देवळाकडे वळतो, तेव्हा शासनाला मध्ये यावे लागते. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकासाठी १९८० साली स्वतंत्र कायदा झाला, तो त्यामुळेच.

तिन्ही पद्धतींत काहीतरी निसटते. दशमांशाला तरुणाची ओढाताण दिसत नाही, जकातीला घराची किंमत दिसत नाही, आणि दानाला आकडा नसल्याने न देणाऱ्याला कोणी विचारत नाही. इस्लामने या फटीसाठी सदका ठेवला आहे : दर नाही, निसाब नाही, नियम जवळपास दानाचाच. ज्याचे घर कोटींचे आणि जकात शून्य, त्याचा हिशेब शून्यावर संपत नाही. तिथून पुढचा आकडा त्याने स्वतः ठरवायचा असतो.