विश्लेषण : क्रिएटिन मध्येच बंद करावे लागते का? बंद केल्यावर स्नायूंतला साठा किती दिवसांत उतरतो?

भिवंडीतील नारपोलीत संध्याकाळची पाळी सुटली की यंत्रमागांच्या गल्ल्यांतून पोरे व्यायामशाळेकडे वळतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या अशाच एका तरुणाने परवा विचारले, ‘‘दादा, आठ आठवडे क्रिएटिन झाले. आता महिनाभर बंद ठेवायला सांगितलंय. नाही ठेवलं तर शरीराला सवय लागते म्हणे. खरं आहे का?’’ हा सल्ला जवळपास प्रत्येक व्यायामशाळेत मिळतो. निरोगी प्रौढाला अशा ‘सायकल’ची गरज असल्याचा पुरावा मात्र नाही. उलट, हिशेब मांडला तर ती तोट्याची ठरते.

क्रिएटिन शरीरात कुठे जाते?

क्रिएटिन शरीर स्वतःच तयार करते. यकृत, मूत्रपिंड आणि स्वादुपिंड मिळून दिवसाला साधारण १ ग्रॅम बनवतात. मांस-मासळी खाणाऱ्यांना तेवढेच आहारातूनही मिळते. सुमारे ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात अंदाजे १२० ग्रॅम साठा असतो आणि तो जवळपास सगळा स्नायूंत असतो. वजन उचलताना किंवा जोरात धावताना पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा पुरवायला तो मदत करतो.

हा साठा म्हणजे इमारतीवरची पाण्याची टाकी समजा. टाकीला तळाशी बारीक गळती आहे. साठ्यातील सुमारे १.७ टक्के क्रिएटिन रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलते आणि लघवीवाटे जाते. गळती टक्क्यांत असल्याने टाकी जितकी भरलेली, तितके जास्त वाहून जाते. १२० ग्रॅमवर रोज २ ग्रॅम जातात. पावडर घेऊन साठा २० टक्क्यांनी वाढवला, म्हणजे १४४ ग्रॅमवर नेला, तर सुमारे अडीच ग्रॅम जातात. रोजचा ३ ते ५ ग्रॅमचा डोस ही गळती भरून काढण्यासाठीच असतो.

बंद केल्यावर साठा किती वेगाने उतरतो?

याचे उत्तर १९९६ मध्येच मिळाले आहे. स्वीडनमधील एरिक हुल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ पुरुषांवर प्रयोग केला. रोज २० ग्रॅम क्रिएटिन सहा दिवस दिल्यावर स्नायूंतील साठा सुमारे २० टक्क्यांनी वाढला. त्यानंतर रोज फक्त २ ग्रॅम घेणाऱ्यांचा साठा तसाच टिकला. ज्यांनी बंद केले, त्यांचा हळूहळू उतरत ३० दिवसांनी मूळ पातळीवर आला. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. सुरुवातीचा मोठा डोस न घेता रोज ३ ग्रॅम घेतले, तरी २८ दिवसांत साठा तेवढाच भरतो. फरक फक्त वेळेचा. पुढच्या अभ्यासांतही साठा उतरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, असेच दिसले.

म्हणून गावी लग्नाला गेलात आणि दोन दिवस डबा घरी राहिला, तर काही बिघडत नाही. बाहेरून काहीच आले नाही असे धरले, तरी दोन दिवसांत १४४ पैकी फार तर ५ ग्रॅम कमी होतील. परत आल्यावर नेहमीचा डोस सुरू करायचा. चुकलेल्या दिवसांचा डोस एकदम घ्यायची किंवा पुन्हा २० ग्रॅमपासून सुरुवात करायची गरज नाही.

मग ‘सायकल’ची कल्पना आली कुठून?

एक मूळ स्टेरॉइडच्या वापरात आहे. ती घेतली की शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे कमी करते. म्हणून घेणारे मध्ये खंड पाडतात. ते शब्द आणि ती भीती क्रिएटिनलाही चिकटली, पण क्रिएटिन हे संप्रेरक नाही.

दुसरे मूळ प्रयोगशाळेतले आहे. रक्तातील क्रिएटिन स्नायूंच्या पेशीत नेणारे एक वाहक प्रथिन असते. १९९८ मध्ये उंदरांना दीर्घकाळ भरपूर क्रिएटिन दिल्यावर हे वाहक कमी झाल्याचे दिसले. दार बंद होत असेल तर मध्ये थांबायला हवे, असा तर्क त्यातून निघाला. मात्र २००३ मध्ये कॅनडातील मार्क टार्नोपोल्स्की यांच्या गटाने माणसांत तपासणी केली, तेव्हा तरुण आणि वृद्ध दोघांतही या वाहकाच्या निर्मितीच्या जनुकीय संदेशात घट आढळली नाही.

पावडर घेताना शरीर स्वतःचे उत्पादन कमी करते, हे मात्र खरे. पण बंद केल्यावर ते पूर्ववत होते. साठा मूळ पातळीवर येऊन थांबतो, त्याखाली कोसळत नाही, हाच त्याचा पुरावा.

आठ आठवडे चालू, चार आठवडे बंद : हिशेब काय सांगतो?

नारपोलीतील त्या तरुणाचेच उदाहरण घेऊ. तो रोज ३ ग्रॅम घेतो. पहिले चार आठवडे टाकी भरण्यात गेली. पाचव्या ते आठव्या आठवड्यात ती भरलेली होती. आता महिनाभर बंद ठेवली तर ती पुन्हा मूळ पातळीवर येईल आणि पुढचे चार आठवडे पुन्हा भरण्यात जातील. म्हणजे बारा आठवड्यांत पूर्ण साठ्याचा लाभ जेमतेम चार आठवडे! मोठ्या डोसने टाकी लवकर भरता येते, पण मग पावडर जास्त लागते आणि अनेकांचे पोटही बिघडते.

बंद केल्यावर काट्यावर एखादा किलो कमी दिसतो आणि ‘मसल गेले’ अशी घबराट होते. क्रिएटिन स्नायूंत पाणी धरून ठेवते. उतरते ते मुख्यतः तेच पाणी. व्यायाम चालू असेल तर मेहनतीने कमावलेला स्नायू त्याबरोबर जात नाही.

बंद करण्याचे योग्य कारण कोणते?

कारणे आहेत, पण ती कॅलेंडरवर ठरत नाहीत. भरतीच्या मैदानी चाचणीत गोळाफेक आणि १०० मीटरसोबत १६०० मीटर धावही असते. वाढलेले वजन लांब धावेत जाचते आहे असे वाटले, तर क्रिएटिन चाचणीच्या महिनाभर आधी थांबवावे. चार दिवस आधी थांबवून फारसा उपयोग नाही, कारण साठा तेवढ्यात उतरत नाही.

दुसरे कारण रक्ततपासणीचे. साठा जास्त तर क्रिएटिनिनही जास्त तयार होते, त्यामुळे मूत्रपिंड ठणठणीत असूनही अहवालात आकडा थोडा वर दिसू शकतो. आदल्या दिवशी बंद करून तो फरक पुसला जात नाही. डॉक्टरांना क्रिएटिन घेत असल्याचे सांगावे. शंका राहिलीच तर ‘सिस्टॅटिन सी’ ही तपासणी करता येते. स्नायूंतील क्रिएटिनचा तिच्यावर परिणाम होत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.

त्या तरुणाला मी एवढेच म्हणालो, ‘‘घ्यायचं असेल तर रोज थोडं घे. महिनाअखेरीला पैसे नसतील तर खुशाल थांब. फक्त शरीराला ‘विश्रांती’ द्यायची म्हणून थांबू नकोस.’’ ज्या डब्यावर पगारातला मोठा वाटा खर्च होतो, त्याचा निम्म्याहून अधिक काळ टाकी भरण्या-उतरण्यात घालवणे हा शहाणपणाचा व्यवहार नाही.