घोळणा फुटला की मान मागे नको

अकोला-अमरावतीचा उन्हाळा कोरडा. नाकाचा आतला पडदा सुकतो, खपली धरते, मुलाचे बोट जाते आणि घोळणा फुटतो. घरात मग मान मागे, डोक्यावर पाणी, नाकाशी कांदा. मान मागे केल्याने रक्त थांबत नाही, घशात उतरते; पोटात गेले की रक्ताची उलटी होते आणि घरचे अधिकच घाबरतात.

मुलाला बसवून पुढे वाकवावे. नाकाच्या हाडाखालचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून सलग दहा मिनिटे दाबावा, घड्याळ पाहून. बहुतेक रक्त याच भागातील बारीक वाहिन्यांतून येते. थांबले का, म्हणून मध्येच बोट काढले तर धरू लागलेली गुठळी सुटते आणि दहा मिनिटे पुन्हा पहिल्यापासून. तोंडात आलेले रक्त थुंकू द्यावे.

दोनदा दाबूनही थांबले नाही तर रुग्णालय गाठावे. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल, ती चोंदलेली असेल किंवा अंगावर काळेनिळे डाग असतील, तर उन्हाला दोष न देता तपासणी करावी. मोठ्यांनी रक्तदाब मोजून घ्यावा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.