अर्धशिशीची नवी गोळी : कोणाला चालेल, कोणाला नाही?

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या एका चौपन्न वर्षांच्या गृहस्थांना तरुणपणापासून अर्धशिशी होती. महिन्यातून तीन-चार वेळा डोक्याची एक बाजू ठणकू लागे, उजेड सोसवेना, मळमळ होई. सुमाट्रिप्टानची एक गोळी घेतली की दोन तासांत ते पुन्हा गादीवर येत. तीन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. हृदयाच्या औषधांची यादी बदलली, पण डोकेदुखीची गोळी खिशात तशीच राहिली, कारण ती घेतो हे त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना कधी सांगितलेच नव्हते. एकदा गोळीनंतर छातीत आवळल्यासारखे झाले, तेव्हा ही गोष्ट उघड झाली.

डॉक्टर म्हणाले, "शेठजी, ही गोळी आजपासून बंद. ती डोक्याच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, तशाच हृदयाच्याही थोड्या करते."

त्यामागील कारण असे आहे. अर्धशिशीच्या वेळी चेहरा व मेंदूच्या आवरणातील मज्जातंतूंमधून सीजीआरपी नावाचे द्रव्य स्रवते. त्याने रक्तवाहिन्या फुगतात व वेदनेचा संदेश तीव्र होतो. 1990च्या दशकात प्रचारात आलेली ट्रिप्टान औषधे सेरोटोनिनच्या विशिष्ट ग्राहकांना चेतवतात. त्यामुळे सीजीआरपीचा स्राव कमी होतो, पण त्याचबरोबर रक्तवाहिन्याही आकसतात. म्हणूनच हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांना ती वर्ज्य आहेत.

जेपांट गटातील औषधांची रीत निराळी आहे. ती सीजीआरपीच्या ग्राहकावर जाऊन बसतात आणि त्या द्रव्याला जागाच मिळू देत नाहीत. रक्तवाहिन्या मात्र आकसत नाहीत. अमेरिकेत युब्रोजेपांटला 2019च्या अखेरीस व रिमेजेपांटला 2020च्या प्रारंभी मान्यता मिळाली. पहिले झटका आल्यावर घ्यायचे. दुसरे झटक्यासाठीही चालते आणि एक दिवसाआड घेतल्यास प्रतिबंधासाठीही. अटोजेपांट मात्र केवळ प्रतिबंधासाठी, रोज घ्यायचे असते. लास्मिडिटान हे आणखी एक नवे औषध. तेही रक्तवाहिन्या आकसवत नाही, परंतु गुंगी आणते. ते घेतल्यावर आठ तास वाहन चालवू नये, असा स्पष्ट इशारा आहे.

नवे म्हणजे अधिक प्रभावी, असा समज मात्र करून घेऊ नये. रिमेजेपांटच्या एका मोठ्या चाचणीत दोन तासांत पूर्ण वेदनामुक्त झालेले रुग्ण शंभरात सुमारे 21 होते, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत 11. ज्यांना ट्रिप्टान चालते व गुणही येतो, त्यांनी केवळ नावीन्यापोटी महाग औषधाकडे वळण्याचे कारण नाही. जेपांटचा खरा उपयोग ट्रिप्टान वर्ज्य असलेल्यांना, तसेच ते सोसत नाही किंवा लागू पडत नाही अशांना आहे. आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. ट्रिप्टान महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस घेतल्यास औषधामुळेच डोकेदुखी वाढू लागते. जेपांटबाबत आजवर तसे आढळलेले नाही.

त्या गृहस्थांना रिमेजेपांट 75 मिलिग्रॅम देण्यात आले. चोवीस तासांत एकच गोळी. जिभेवर ठेवताच ती विरघळते, पाणी लागत नाही. परंतु हृदयाचा अलीकडचा गंभीर आजार असलेल्यांवर या औषधांच्या चाचण्या पुरेशा झालेल्या नाहीत. त्यामुळे हृदयरोगतज्ज्ञांची संमती घेऊनच ती सुरू झाली, आणि रक्तदाबाची नोंद ठेवण्यास त्यांना बजावले गेले.

पुढे दातांच्या दुखण्यासाठी त्यांना क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले गेले. या वेळी त्यांनी सर्व औषधांची यादी पुढे केली, आणि त्याचाच उपयोग झाला. हे प्रतिजैविक, तसेच इट्राकोनाझोलसारखी बुरशीनाशके यकृतातील ज्या विकराला अडवतात, त्याच विकराने जेपांटचे विघटन होते. दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तातील जेपांटचे प्रमाण फार वाढते. दंतवैद्यांनी दुसरे औषध दिले. गंभीर यकृतविकार असणाऱ्यांनी रिमेजेपांट टाळावे. गरोदर वा स्तनपान करणाऱ्या स्त्रियांबाबत पुरेशी माहिती नसल्याने डॉक्टरांच्या सल्ल्याविना ते घेऊ नये.

आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघेल. जिभेवर विरघळणाऱ्या मूळ रिमेजेपांट गोळीत जिलेटिन असते, आणि ते प्राणिज असते. त्या गृहस्थांच्या सूनबाईंनी वेष्टनातील पत्रक वाचून ही बाब डॉक्टरांपुढे मांडली. त्यावर जिलेटिनविरहित साध्या गोळीचा पर्याय उपलब्ध आहे का, याची चौकशी झाली. हा विषय औषध सुरू होण्यापूर्वीच काढलेला बरा. झटक्याच्या वेळी पत्रक वाचण्याचे त्राण कोणात उरत नाही.

एक मात्र निश्चित. पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली, क्षणार्धात शिगेला पोहोचलेली, किंवा बोबडी वळणे व हातापायातील शक्ती जाणे यांसह आलेली डोकेदुखी अर्धशिशी मानून गोळीवर सोडू नये. तेव्हा थेट रुग्णालय गाठावे.